इन्सुलिन सुरू झालेल्या पेशंटला घरी पाठवताना: वॉर्डातल्या सिस्टरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सोलापुरात मेडिसिन वॉर्डात काम करते. नव्याने लागलेल्या सिस्टर आणि पोस्टिंगला येणाऱ्या मुली डिस्चार्जच्या दिवशी तेच तेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. सगळी उत्तरं एकाच पेशंटला समोर ठेवून दिली आहेत. मावशी, वय ५८, पूर्व भागात दोन खोल्यांत राहणाऱ्या, घरी बसून बिड्या वळणाऱ्या. घरात तेलुगू, बाजारात मराठी. पायाच्या जखमेसाठी भरती झाल्या तेव्हा शुगर ४०० च्या पुढे होती. आता ३०/७० मिक्स इन्सुलिन चालू आहे, सकाळी १६ युनिट आणि संध्याकाळी १०. घरात फ्रिज नाही आणि महिना मे आहे. आकडे मावशींचे आहेत, तुमच्या पेशंटचे त्याच्या कार्डावरून घ्या.

शिकवायला सुरुवात कधी करायची? डिस्चार्जचा कागद तर दुपारी दोनला हातात येतो.

कागदाची वाट बघितली तर शिकवणं होतच नाही. तोपर्यंत नातेवाईक बिलाच्या खिडकीवर, रिक्षा दारात आणि पेशंटचं अर्धं लक्ष चपला शोधण्यात. डॉक्टरांनी राऊंडला "इन्सुलिनवरच घरी सोडू" असं म्हटलं, की त्याच संध्याकाळच्या डोसपासून सुरू करा.

तीन दिवस मिळाले तर सहा डोस मिळतात, आणि माझा सगळा प्लॅन त्या सहा डोसांवर बसवलेला असतो. पहिले दोन मी देते, मावशी आणि सून नुसतं बघतात. मधले दोन त्या भरतात, माझा हात शेजारी असतो. शेवटचे दोन त्या भरतात, त्याच टोचतात आणि मी हात मागे बांधून उभी राहते. हात मागे बांधायचं मुद्दाम सांगते आहे, कारण पेशंट अडखळली की आपला हात आपोआप पुढे जातो आणि चूक तिच्याऐवजी आपणच दुरुस्त करून मोकळे होतो. नोंदीत "इन्सुलिनबद्दल माहिती दिली" एवढंच लिहू नका. "पेशंटने स्वतः १६ युनिट भरले, दोन वेळा बरोबर, बुडबुडा काढायला सांगावं लागलं" असं लिहिलंत, तर पुढच्या पाळीच्या सिस्टरला नेमकं काय राहिलंय ते कळतं.

मावशींना शिकवायचं की सुनेला?

दोघींना, पण आधी विचारा की सकाळी साडेसात वाजता घरात कोण असतं. आमच्या मावशींची सून सात वाजता कामावर जाते. म्हणजे संध्याकाळचा डोस सून देईल, सकाळचा मावशींनाच घ्यायचाय. मुलगा "मी बघतो सगळं सिस्टर" असं म्हणत होता, पण तो रात्रपाळी करून सकाळी झोपलेला असतो. हे सगळं पाच मिनिटांच्या गप्पांत कळलं.

भाषेचंही तसंच. मावशींचं मराठी व्यवहारापुरतं चांगलं आहे, पण "कसं वाटतंय" हे त्या तेलुगूतच सांगतात. घाम, थरथर, चक्कर यांचे घरातले शब्द मी सुनेकडून विचारून घेतले आणि कार्डावर देवनागरीत लिहिले. घाबरलेला माणूस दुसऱ्या भाषेत बोलत नाही. कन्नड बोलणाऱ्या पेशंटच्या बाबतीतही हेच करा.

लाल टोपीची सिरिंज आणि नारिंगी टोपीची सिरिंज, एवढा काय फरक पडतो?

बाकी काही शिकवायला वेळ मिळाला नाही तरी हे शिकवा.

आपल्याकडे बाटलीतून मिळणारं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिट असं असतं. त्याला लाल टोपीची, यू-४० लिहिलेली सिरिंज लागते. नारिंगी टोपीची यू-१०० सिरिंज एका मिलीत १०० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी आहे. दोन्ही सारख्याच दिसतात, दोन्ही मेडिकलमध्ये मिळतात, आणि घाईत "इन्सुलिनची सुई द्या" म्हटलं की जी हाताला लागेल ती येते.

आता हिशेब बघा. मावशींनी ४० ची बाटली घेतली आणि नारिंगी सिरिंज १६ च्या रेघेपर्यंत भरली. त्या रेघेला सिरिंजमध्ये ०.१६ मिली औषध येतं. एका मिलीत ४० युनिट, म्हणजे शरीरात गेलं फक्त साडेसहाच्या आसपास. सोळाच्या जागी साडेसहा. उलट चूक त्याहून वाईट आहे. १०० ची बाटली आणि लाल सिरिंज असेल तर १६ च्या रेघेला ०.४ मिली, म्हणजे ४० युनिट जातात.

पहिल्या प्रकारची चूक मी एकदा शेवटपर्यंत बघितली आहे. एक आजोबा पंधरा दिवसांनी ओपीडीत आले, उपाशीपोटीची शुगर २८० च्या वर. इन्सुलिन घेता का? घेतो. वेळेवर? वेळेवर. डॉक्टरांनी डोस १६ वरून २४ केला, आणि माहिती जशी समोर आली तशी ते बरोबरच होतं. नारिंगी सिरिंजमधून त्यांना त्या २४ चे साडेनऊच मिळत होते. आठवडाभराने सिरिंज संपल्या, दुसऱ्या दुकानातून लाल टोपीच्या आणल्या, आणि पहिल्यांदाच खरोखरचे २४ युनिट गेले. दुपारी बारा वाजता घामाने भिजून ते ओट्यावर पडलेले सापडले. वाचले. डिस्चार्जच्या वेळी त्यांना सिरिंजबद्दल कोणीच सांगितलं नव्हतं, आणि ओपीडीतही कोणी "सिरिंज दाखवा" म्हटलं नव्हतं.

म्हणून रिकामी बाटली आणि लाल टोपी एकाच पिशवीत घालून देते आणि सांगते, "दुकानात नाव सांगू नका, ही पिशवी दाखवा." बाटलीवरचा ४० आणि सिरिंजवरचा ४० जुळवून बघायला सुनेला शिकवते. पेनच्या कार्ट्रिजमध्ये इन्सुलिन एका मिलीत १०० युनिट असं असतं. ती फोडून सिरिंजने औषध काढायचं नाही, हेही सांगा. पेन बिघडलं की लोक ते करतात. आणि शुगर अचानक वाढली किंवा घसरली तर डोसाचा विचार करण्याआधी टोपीचा रंग विचारा.

मावशींना बारीक आकडे दिसत नाहीत. डोस कसा भरायला लावायचा?

एका सिरिंजमध्ये सलाईनचं पाणी १६ पर्यंत भरून, दट्ट्या हलू नये म्हणून चिकटपट्टीने बांधून नमुना करून देते. सुई काढता येत नसेल तर टोपी घट्ट बसवून तीही पट्टीने बांधते. संध्याकाळच्या १० साठी वेगळा नमुना, त्यावर काळा दोरा. मावशी भरलेली सिरिंज नमुन्याशेजारी उजेडात धरतात आणि दोन्हींचे काळे रबर एका पातळीत आले की झालं. डॉक्टरांनी डोस बदलला, की जुना नमुना त्याच दिवशी घरातून गेला पाहिजे, हे सुनेला दोनदा सांगायचं.

भरण्याचा क्रम असा. हात धुवायचे. मिक्स इन्सुलिन तळाशी बसतं, म्हणून बाटली दोन्ही तळव्यांत दहा वेळा फिरवायची आणि दहा वेळा हळू उलटीपालटी करायची, ताक घुसळल्यासारखी गदागदा नाही. सगळीकडे सारखं दुधी दिसलं पाहिजे. गाठी तरंगत असतील किंवा काचेला आतून पांढरा थर चिकटला असेल तर ती बाटली वापरायची नाही. मग सिरिंजमध्ये १६ पर्यंत हवा ओढायची, ती बाटलीत सोडायची, बाटली उलटी धरून औषध ओढायचं, बुडबुडे टिचकी मारून वर आणायचे आणि परत ढकलायचे. बुडबुडा शिरला म्हणून धोका नसतो, पण तेवढं औषध कमी जातं.

टोचायचं कुठे?

पोटावर, बेंबीपासून चार बोटं सोडून, किंवा मांडीच्या बाहेरच्या बाजूला. चिमटीत कातडी धरायची, सुई टोचायची, औषध हळू सोडायचं, पाचपर्यंत मोजून सुई काढायची आणि चोळायचं नाही. कातडी स्वच्छ असेल तर स्पिरिट लागत नाही. लावलंच तर वाळू द्यायचं.

जागा बदलण्यावर जास्त वेळ द्या. एकाच ठिकाणी रोज टोचलं की तिथे चरबीची मऊ गाठ तयार होते. तिथे दुखत नाही, म्हणून पेशंटला तीच जागा आवडायला लागते, आणि तिथून इन्सुलिन कधी कमी शोषलं जातं तर कधी एकदम. मी पोटाचे चार भाग करून देते, एका भागात एक आठवडा, आणि रोज आधीच्या टोचणीपासून बोटभर अंतर. फॉलोअपला आले की नुसतं बघू नका, पोटावरून बोटं फिरवा. गाठ दिसण्याआधी हाताला लागते.

इन्सुलिन आणि जेवण यात किती वेळ ठेवायचा?

या मिक्स इन्सुलिनला साधारण अर्धा तास. पण मावशींना "साडेसात वाजता इंजेक्शन, आठ वाजता नाश्ता" असं लिहून दिलं, तेव्हा त्या हो म्हणाल्या आणि मला तो होकार पटला नाही. विचारलं, "मावशी, कालच्यासारखा नाही, घरचा दिवस सांगा." मग कळलं की सकाळी चहा पिऊन त्या बिड्या द्यायला कारखान्यात जातात. तिथे रांग, बिड्या तपासणं, पान-तंबाखू घेणं, आणि घरी येऊन भाकरी खायला अकरा वाजतात.

म्हणजे साडेसातला टोचलं असतं तर रांगेत उभ्या असताना नऊच्या सुमाराला शुगर पडली असती. माझा कागद बरोबर होता आणि मावशींच्या दिवसाशी त्याचा काही संबंध नव्हता. आम्ही दोन वाटा बोललो. एक, निघण्याआधी भाकरी खायची, म्हणजे सातला इंजेक्शन, साडेसातला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी-दही, मग कारखाना. दुसरी, कारखान्यातून आल्यावर टोचायचं. पण मग सकाळ-संध्याकाळचे डोस जवळ येतात. डॉक्टरांना विचारून पहिली वाट ठरवली. घड्याळापेक्षा एक वाक्य पक्कं केलं: ताट दिसतंय तरच सुई.

या मिश्रणातला ७० टक्के भाग सावकाश चालणारा आहे. सकाळच्या डोसाचा जोर दुपारी असतो आणि संध्याकाळच्या डोसाचा मध्यरात्रीनंतर. त्यामुळे दुपारचं जेवण टाळून चालत नाही. रात्री घाबरवणारी स्वप्नं, सकाळी उशी ओली, डोकं जड असं झालं तर रात्री शुगर पडली असण्याची शक्यता असते. रात्री दोन-तीनच्या सुमाराला एकदा तपासून डॉक्टरांना कळवायचं.

शुगर पडली तर घरच्यांनी नेमकं काय करायचं?

घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलणं अडखळणं. मशीन असेल तर बघायचं. ७० च्या खाली असेल, किंवा मशीन नाही आणि लक्षणं आहेत, तर आधी साखर. चहाचे तीन सपाट चमचे साखर अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून प्यायची. पंधरा मिनिटांनी परत बघायचं, सुधारणा नसेल तर पुन्हा तेवढंच. बरं वाटलं की भाकरी किंवा पोळी खायची, नाहीतर शुगर पुन्हा घसरते. चॉकलेट आणि बर्फी कामाची नाही, त्यातल्या स्निग्ध पदार्थामुळे साखर उशिरा चढते.

पेशंटला व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर साधी साखर लवकर उतरत नाही, तिथे ग्लुकोज पावडरच द्यावी लागते. डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्या वाचून मगच "साखर" की "ग्लुकोज" ते लिहा. बीपीच्या काही गोळ्यांमुळे धडधड आणि थरथर जाणवत नाही, अशा पेशंटला घामाकडे लक्ष द्यायला सांगा.

बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही. ना पाणी, ना साखर. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन. हे सांगताना सून म्हणाली, "पण साखर तर द्यायलाच सांगितलंत ना?" त्या प्रश्नावर थांबा. साखरेचं पाणी श्वासनलिकेत गेलं तर काय होईल ते समजावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मावशींनी पुड्या कुठे ठेवायच्या तेही ठरवलं. एक बिड्यांच्या सुपाशेजारी, एक उशाशी, एक कारखान्यात न्यायच्या पिशवीत. स्वयंपाकघरातला साखरेचा डबा वरच्या फळीवर होता, आणि थरथरत्या हाताला तो सापडत नाही. मशीनने तपासण्याआधी हात पाण्याने धुवून पुसायचे, बोटाला गूळ-साखर लागलेली असली तर आकडा खोटाच जास्त येतो.

फ्रिज नाही आणि उन्हाळा सोलापूरचा. बाटली ठेवायची कुठे?

वापरात असलेली बाटली ३० अंशांच्या खाली महिनाभर बाहेर चालते असं आपण शिकलो. पण मे महिन्यात इथे दुपारी पारा ४० च्या वर जातो आणि पत्र्याच्या घरात त्याहूनही जास्त, म्हणजे "बाहेर चालते" हे वाक्य इथे तसंच्या तसं सांगता येत नाही.

मातीचं भांडं वापरा. पसरट माठात तळाला थोडं पाणी, त्यात एक उलटी वाटी, तिच्यावर झाकणाच्या कोरड्या डबीत बाटली. माठाला ओलं फडकं, वर ताटली, आणि माठ सावलीत, वारा लागेल अशा कोपऱ्यात. इथली उन्हाळी हवा कोरडी असल्याने पाणी झिरपून उडतं आणि आत चांगला गारवा राहतो. पावसाळ्यात माठ कमी गार होतो, पण तेव्हा बाहेरही एवढं तापत नाही. डबीत पाणी शिरता कामा नये.

मावशींना रोज २६ युनिट लागतात. १० मिलीच्या बाटलीत ४०० युनिट, म्हणजे एक बाटली साधारण पंधरा दिवस. त्यामुळे महिन्याच्या दोन बाटल्या एकदम घ्यायच्या नाहीत. दुसरी मेडिकलच्याच फ्रिजमध्ये राहू दे. उघडल्याची तारीख बाटलीवर लिहायची.

शेजाऱ्यांचा फ्रिज असेल तर दाराच्या कप्प्यात, बर्फाच्या खणाजवळ नाही. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकायचंच. उन्हाने बिघडलेलं कधीकधी दिसायला अगदी ठीक असतं. खाणं तेच, डोस तोच, टोपी लालच, तरी शुगर चढत चालली, तर बाटली बदलून बघायची.

घरात आधीच्या शुगरच्या गोळ्या आहेत. त्यांचं काय?

मुलाला घरातला गोळ्यांचा डबा वॉर्डात आणायला सांगा. कार्डावर लिहिलेल्या गोळ्या एका बाजूला, बाकीच्या दुसऱ्या. मावशींच्या डब्यात ग्लिमेपिराइडच्या दोन वेगवेगळ्या नावांच्या पट्ट्या निघाल्या. ती गोळी डॉक्टरांनी इन्सुलिनबरोबर बंद केली होती. घरी ती आणि इन्सुलिन दोन्ही चालू राहिले असते तर शुगर पडलीच असती. कार्डावर "बंद" असा शब्द गोळीच्या नावासमोर लिहून घ्या, नुसतं नाव गाळलेलं पेशंटला कळत नाही.

एकादशीचा उपवास चालेल का? आणि ताप-उलट्या असतील तर इन्सुलिन बंद?

आपल्या जिल्ह्यात पंढरपूर आहे, त्यामुळे "उपवास करू नका" म्हटलं तर पेशंट मान डोलावेल आणि घरी जाऊन करेलच. मी म्हणते, आधी येऊन सांगा, डॉक्टर त्या दिवसाचा डोस ठरवून देतील. मनाने डोस तोच ठेवून निराहार राहायचं नाही, आणि साबुदाण्याची दोन ताटं खाऊन "उपवास होता" असंही नाही.

आजारपणात उलटं होतं. जेवण कमी असलं तरी तापाने शुगर वाढते, म्हणून मनाने इन्सुलिन बंद करायचं नाही. चार ते सहा तासांनी शुगर बघायची, पाणी पीत राहायचं आणि त्याच दिवशी फोन करून डोस विचारायचा. पोटात काहीच ठरत नसेल, श्वास जोरात चालत असेल किंवा गुंगी असेल तर फोनवर वेळ घालवायचा नाही, थेट दवाखान्यात यायचं.

इन्सुलिनने नजर आणखी धूसर झाली अशी तक्रार येते. खरं असतं का?

खरं असतं. फार वाढलेली शुगर झपाट्याने खाली आली की डोळ्यातल्या भिंगाची फुगवट बदलते आणि काही आठवडे नंबर हलत राहतो. हे आधी सांगितलं नाही तर पेशंट इन्सुलिनला दोष देऊन ते सोडतो. नवा चष्मा महिना-दीड महिना थांबून करायचा. डोळ्याच्या पडद्याची तपासणी मात्र लांबवायची नाही, आणि एका डोळ्याने एकदम दिसेनासं झालं तर त्याच दिवशी यायचं.

वापरलेल्या सुया कुठे टाकायच्या?

फिनाइलची जाड बाटली रिकामी करून धुवायची आणि सुई टोचून झाल्यावर लगेच त्यात टाकायची. पाऊण भरली की झाकण घट्ट लावून फॉलोअपला घेऊन यायची, वॉर्डातल्या पांढऱ्या डब्यात ती आपण टाकू. घंटागाडीत नको, कचरा हाताने वेगळा करणाऱ्या बायकांच्या बोटांत त्या सुया घुसतात. सिरिंज एकदाच वापरायची असं सांगा. पैशापायी कोणी पुन्हा वापरतंय असं कळलं तर ओरडू नका, नाहीतर पुढच्या वेळी खोटं ऐकायला मिळेल. सरकारी दवाखान्यातून सिरिंज मिळतील का ते त्यांच्यासोबत बघा, आणि एकाची सिरिंज घरातल्या दुसऱ्याने वापरायची नाही एवढं तरी त्यांच्या तोंडून वदवून घ्या. मावशींच्या घरी त्यांच्या दिरालाही शुगर आहे, आणि ते मला सहाव्या डोसाच्या वेळी, निघता निघता कळलं.